ती दहा मिनिटं कुणी ठरवली?

प्रॉडक्ट मॅनेजरच्या जागेसाठी इंजिनिअर मंडळींचे रेझ्युमे माझ्याकडे वाचायला येतात. बहुतेकांमध्ये माणसाने काय बांधलं ते नीट लिहिलेलं असतं, कोणती भाषा, कोणता डेटाबेस, किती सर्व्हर, सगळं. ते तसंच का बांधलं आणि दुसऱ्या पद्धतीने का नाही, याबद्दल मात्र अक्षर नसतं. मी स्वतः बरीच वर्षं कोड लिहून मग या कामाकडे वळले, त्यामुळे अशा ओळींच्या मागे काय असू शकतं याचा थोडा अंदाज मला येतो. पण वाचणाऱ्याला अंदाज येईल यावर कुणी आपली उमेदवारी सोडू नये. समोरच्याकडे एका रेझ्युमेसाठी फार वेळ नसतो, आणि बऱ्याचदा पहिली चाळणी लावणाऱ्या व्यक्तीने आयुष्यात कोड लिहिलेला नसतो.

यावर नेहमी दिला जाणारा सल्ला असा, की तांत्रिक भाषा काढा आणि धंद्याची भाषा घाला. मला तो पटत नाही. त्याने फक्त शब्द बदलतात. ‘सर्व्हिस उभारली’च्या जागी ‘ग्राहकानुभव उंचावला’ येतं, आणि वाचणाऱ्याच्या हाती आधी जे थोडंफार लागत होतं तेही जातं. माझं म्हणणं वेगळं आहे. इंजिनिअरने प्रॉडक्टचे निर्णय आधीच घेतलेले असतात, फक्त ते आर्किटेक्चरच्या आकृतीत सापडत नाहीत. ज्या ठिकाणी कोडला एक प्रश्न पडला, त्याचं उत्तर लेखी मागणीत कुठेच नव्हतं आणि तरी संध्याकाळपर्यंत काहीतरी लिहावंच लागलं, तिथे ते सापडतात. रेझ्युमे लिहायला बसायचं तर आधी ती ठिकाणं शोधायला हवीत.

माझ्या मावसभावाच्या रेझ्युमेवरून हे सांगते. त्याने लिहायला परवानगी दिली आहे. त्याच्या कंपनीचं नाव घेत नाही, आणि खालचे आकडेही तिथले नाहीत. प्रमाण कळावं म्हणून मी ते सोपे करून घेतले आहेत.

तो पुण्यात बॅकएंड इंजिनिअर आहे. त्याची कंपनी पॅथॉलॉजी लॅबसाठी बुकिंगचं सॉफ्टवेअर चालवते. आपण ॲपवर तपासणी निवडतो, सकाळची वेळ निवडतो, पैसे भरतो, आणि त्या वेळी लॅबचा माणूस घरी येऊन रक्ताचा नमुना घेऊन जातो. प्रॉडक्ट मॅनेजरच्या जागेसाठी अर्ज करायचा म्हणून त्याने मला रेझ्युमे पाठवला. तो अर्थातच इंग्रजीत होता, इथे मराठीत सांगते. सगळ्यात वरची, त्याच्या मते सगळ्यात वजनदार ओळ अशी होती: ‘स्प्रिंग बूट आणि काफ्का वापरून असिंक्रोनस पेमेंट रिकन्सिलिएशन सर्व्हिस उभारली, लेटन्सी १.८ सेकंदांवरून ४०० मिलिसेकंदांवर आणली. ड्युप्लिकेट वेबहुकसाठी आयडेम्पोटन्सी आणली. सपोर्ट कॉल ६४ टक्क्यांनी घटले.’

इंजिनिअरच्या जागेसाठी ही ओळ चांगलीच आहे. मी त्याला फोन केला आणि विचारलं, “अरे, हे काम झालं नसतं तर कुणाचं काय बिघडलं असतं?”

तो म्हणाला, “ताई, पेमेंट पेंडिंग राहायची.”

“ते सिस्टिमचं झालं. माणसाचं काय व्हायचं?”

मग त्याने जे सांगितलं ते रेझ्युमेत कुठेच नव्हतं. यूपीआयने पैसे भरताना कधीकधी ग्राहकाच्या बँकेतून रक्कम वजा होते, पण पुढे कुठल्यातरी टप्प्यावर उत्तर वेळेत येत नाही आणि व्यवहार मधल्यामध्ये लटकतो. तो यशस्वीही नसतो आणि अयशस्वीही नसतो. ॲपच्या दृष्टीने पैसे आलेले नाहीत, म्हणून बुकिंग पक्कं होत नाही. ग्राहकाच्या फोनवर मात्र रक्कम वजा झाल्याचा बँकेचा एसएमएस आलेला असतो. आणि लोक ॲपच्या पडद्यापेक्षा बँकेच्या एसएमएसवर विश्वास ठेवतात. पैसे गेले म्हणजे बुकिंग झालं, असं समजून ते फोन खाली ठेवतात. उपाशीपोटी साखर तपासायची तर निदान आठ तास काही खायचं नसतं, म्हणून घरातलं वयस्कर माणूस रात्री लवकर जेवून सकाळी चहासुद्धा न घेता बसून राहतं. सात वाजतात, साडेसात वाजतात, कुणी येत नाही. कारण ॲपने ती वेळ केव्हाच दुसऱ्या कुणाला देऊन टाकलेली असते.

दुसरे काही लोक याच्या उलट वागायचे. पडद्यावर ‘प्रतीक्षा करा’ दिसतंय म्हटल्यावर ते परत पैसे भरायचे आणि दोनदा रक्कम जायची. मग दोन्ही प्रकारचे लोक सपोर्टला फोन करायचे.

त्याच्या सर्व्हिसने काय केलं, तर पेमेंट गेटवेच्या निरोपाची नुसती वाट न बघता ठरावीक अंतराने आपणहून व्यवहाराची स्थिती विचारायला सुरुवात केली, आणि तोवर ग्राहकाने निवडलेली वेळ राखून ठेवली. मी विचारलं, “किती वेळ राखून ठेवता?” तो म्हणाला, “दहा मिनिटं.” मी विचारलं, “दहाच का?” त्यावर तो थोडा थांबला आणि म्हणाला, “ते मीच टाकलं. कॉन्फिगमध्ये आहे.”

```
SLOT_HOLD_MINUTES = 10
```

माझ्या मते त्याच्या अख्ख्या रेझ्युमेतली सगळ्यात मोलाची गोष्ट ही एक ओळ होती. काफ्का नव्हे, लेटन्सीही नव्हे.

त्याचं कारण सांगते. उपाशीपोटी तपासणीच्या बुकिंगमध्ये सकाळी सहा ते नऊ या वेळा सगळ्यांना हव्या असतात आणि त्या मोजक्याच असतात. लटकलेल्या व्यवहारासाठी एखादी वेळ अडवून ठेवली, तर तेवढा वेळ ती दुसऱ्या कुणाला दिसत नाही, आणि तो माणूस दुसऱ्या लॅबकडे जाऊ शकतो. वेळ लगेच सोडून दिली, तर ज्याचे पैसे गेलेत त्याची सकाळ जाते. म्हणजे हा आकडा दोन ग्राहकांमधली निवड आहे, एक पैसे भरून अडकलेला आणि दुसरा अजून यायचा असलेला. लेखी मागणीत फक्त ‘पेमेंट पेंडिंग असल्यास योग्य ती कार्यवाही करावी’ असं होतं. ‘योग्य ती’ म्हणजे काय, हे एका इंजिनिअरने दुपारी बसून ठरवलं.

बरं, त्याने ते मनाला येईल तसं ठरवलं नव्हतं. त्याने जुने लॉग काढले होते आणि लटकलेले व्यवहार शेवटी किती वेळाने मार्गी लागतात ते पाहिलं होतं. समजा असे १०० व्यवहार धरले, तर ७० पहिल्या दोन मिनिटांत यशस्वी झालेले होते. दहाव्या मिनिटापर्यंत ८८. तिसाव्या मिनिटापर्यंत ९०. उरलेले काही तासांनी यशस्वी व्हायचे किंवा पैसे परत जायचे. दहाची तीस मिनिटं केली असती, तर शंभरात दोन जणांची सोय झाली असती, आणि त्यासाठी दहा मिनिटांतही मार्गी न लागलेल्या प्रत्येक व्यवहारामागे सकाळची वेळ तिपटीपर्यंत अडून राहिली असती. पाच मिनिटांचाही त्याने विचार केला होता, पण पाचव्या आणि दहाव्या मिनिटांच्या मध्ये अजून बरेच व्यवहार यशस्वी होत होते. म्हणून दहा.

प्रॉडक्ट मॅनेजरचं काम बऱ्याच अंशी हेच असतं. दोन पर्याय खरे असतात, दोन्हींची किंमत कुणाला तरी मोजावी लागते, हाताशी अपुरी माहिती असते, आणि त्यातून एक बाजू निवडून ती का निवडली हे सांगायचं असतं. हे त्याने केलेलं होतं. त्याचा कमिट होता, कमिटखाली दोन ओळींची टीप होती, टीमच्या चॅटमध्ये त्याने टाकलेला आलेख होता. फक्त ते सांगण्यासारखं आहे असं त्याला वाटलं नव्हतं, कारण त्यात कोड जवळजवळ काहीच नव्हता. इंजिनिअर म्हणून आपण मेहनतीच्या प्रमाणात गोष्टींना महत्त्व देतो. महिनाभर खपून बांधलेली सर्व्हिस वर जाते आणि दुपारभरात ठरवलेला आकडा विसरला जातो.

मग आम्ही अशीच आणखी ठिकाणं शोधायला बसलो. कुणाला स्वतःचा रेझ्युमे असा नव्याने लिहायचा असेल, तर मी हीच जागा दाखवेन. रेझ्युमेची जुनी प्रत बाजूला ठेवायची आणि कोडमधली कॉन्फिगची मूल्यं, त्रुटी हाताळणाऱ्या फांद्या, तिकिटांखालची चर्चा, आणि ‘सध्या करत नाही’ असं लिहून बंद केलेली तिकिटं चाळायची. डिझाइन डॉक्युमेंटमध्ये ‘विचारात घेतलेले पर्याय’ असा भाग असेल, तर तो आधी वाचायचा. प्रत्येक ठिकाणी स्वतःला विचारायचं, की इथे दुसरं शहाणपणाचं उत्तर होतं का? नसेल, तर ते काम कितीही अवघड असलं तरी प्रॉडक्टचा निर्णय नव्हे.

ही कसोटी त्याच्या आयडेम्पोटन्सीला लावून बघा. पेमेंट गेटवे एकच निरोप, म्हणजे वेबहुक, दोनदा किंवा तीनदा पाठवू शकतो, कारण निरोप पोचल्याची पावती मिळाली नाही तर तो पुन्हा पाठवणं हेच त्याचं काम. दुसऱ्या निरोपाने दुसरं बुकिंग तयार होऊ नये म्हणून केलेली व्यवस्था आवश्यक होती आणि त्याने ती चांगली केली. पण एकाच पैशात दोन बुकिंग व्हावीत, असं कुठलाच शहाणा माणूस म्हणणार नाही. तिथे निवड नव्हती, बरोबर आणि चूक एवढंच होतं. तिला ओढूनताणून ‘ग्राहकाचा विश्वास जपला’ असं नाव देण्याची गरज नाही. ती इंजिनिअरिंग म्हणून, अर्ध्या ओळीत, जशीच्या तशी राहू दे. प्रॉडक्टच्या जागेसाठीही तांत्रिक पाया दिसणं हिताचंच असतं.

लेटन्सीचा आकडा मात्र आम्ही काढून टाकला, आणि त्याला त्याचं वाईट वाटलं. १.८ सेकंदांवरून ४०० मिलिसेकंद हे कष्टाचं काम होतं. पण ती वेळ दोन सर्व्हरमधल्या संवादाची होती. ग्राहक तोवर पडदा बंद करून गेलेला असायचा. त्याला फरक कळला नाही, लॅबला कळला नाही, पैशातही दिसला नाही. हीच सुधारणा ग्राहक बघत असलेल्या पडद्यावर झाली असती, तर मी ती ठेवली असती. मुलाखतीत ‘याचा कुणाला उपयोग झाला?’ असं विचारलं की अशा ओळीपाशी उमेदवार अडखळतो, आणि मग वाचणारा बाकीच्या ओळींकडेही संशयाने बघू लागतो.

शोधता शोधता दुसरी एक फांदी सापडली, आणि मला ती पहिलीपेक्षाही आवडली. दहा मिनिटं झाली, वेळ सोडून दिली, ती दुसऱ्याने घेतली, आणि मग तासाभराने गेटवेचा निरोप आला की पैसे मिळाले. आता काय करायचं? रिझर्व्ह बँकेचा २० सप्टेंबर २०१९चा नियम इथे थोडा जवळून जातो. यूपीआयने दुकानदाराला पैसे देताना ग्राहकाच्या खात्यातून रक्कम गेली आणि दुकानदाराकडे खात्री पोचली नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांच्या आत रक्कम आपोआप परत जायला हवी, आणि त्याहून उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई. पण या फांदीत खात्री पोचलेली आहे, फक्त उशिरा. पैसे कंपनीकडे आहेत आणि द्यायला ती वेळ उरलेली नाही. इथे काय करायचं हे बुकिंग घेणाऱ्यालाच ठरवावं लागतं.

आधी ऑपरेशन्सची माणसं अशा ग्राहकांना हाताने पुढची मोकळी वेळ देऊन टाकायची. त्यांच्या बाजूने बघितलं तर ते बरोबर होतं, कारण ऑर्डर टिकते आणि रिफंडची कटकट नाही. पण पुढची मोकळी वेळ बऱ्याचदा साडेदहा-अकराची असायची. उपाशी माणूस तोवर थांबत नाही. नमुना घ्यायला गेलेला माणूस पोचायचा तेव्हा नाश्ता झालेला असायचा, किंवा घराला कुलूप असायचं. माझ्या भावाने ऑपरेशन्सच्या शीटमध्ये रिकाम्या फेऱ्यांची कारणं वाचली आणि त्यात हा प्रकार वारंवार दिसला. फेरी रिकामी गेली की पेट्रोल जातं, त्या माणसाचा अर्धा-पाऊण तास जातो, आणि शेवटी रिफंड द्यावाच लागतो.

त्याने सुचवलं, की आपण वेळ देऊ नये, विचारावं. ग्राहकाला निरोप जाईल: पैसे मिळाले आहेत, तुमची वेळ गेली आहे, उद्या सकाळची वेळ हवी की पैसे परत? ऑपरेशन्सच्या प्रमुखांना ते लगेच पटलं नाही. विचारलं की काही लोक पैसेच परत मागणार, हे उघड होतं, आणि तसंच झालं. दहातल्या साधारण चार जणांनी पैसे परत घेतले. उरलेल्या सहा जणांनी वेळ स्वतः निवडली, आणि त्यांच्याकडच्या फेऱ्या क्वचितच रिकाम्या गेल्या. वरवर उत्पन्न सोडून दिल्यासारखं दिसणारा निर्णय होता, पण ज्या ऑर्डर सोडल्या त्यातल्या बऱ्याचशा आधीही शेवटपर्यंत जात नव्हत्याच. हा हिशेब त्याने त्या बैठकीत मांडला होता. रेझ्युमेत हे हवं, आणि त्यातलं ‘दहातल्या चार जणांनी पैसे परत घेतले’ हेही हवं. निर्णयाची किंमत लिहिलेली असली की वाचणाऱ्याला कळतं, की या माणसाने दुसरी बाजूही पाहिली आहे.

आता आकड्यांबद्दल सविस्तर सांगते, कारण इंजिनिअरचा रेझ्युमे सगळ्यात जास्त तिथेच घसरतो. ‘सपोर्ट कॉल ६४ टक्क्यांनी घटले’ हा आकडा खोटा नव्हता. ‘पैसे गेले, बुकिंग नाही’ या प्रकारचे फोन एका महिन्यात ४२० होते, ते १५० झाले. पण मी विचारलं, “हे दोन महिने कोणते?” पहिला ऑगस्ट होता आणि दुसरा डिसेंबर. पावसाळ्यात आपल्याकडे डेंग्यू-मलेरियाच्या तपासण्या वाढतात आणि बुकिंगही वाढतं. ऑगस्टमध्ये ३०,००० बुकिंग होती, डिसेंबरमध्ये २५,०००. म्हणजे फोन कमी होण्यातला काही भाग फक्त ऋतूचा होता. दर हजार बुकिंगमागे पाहिलं, तर १४ फोन होते ते ६ झाले. घट ५७ टक्क्यांची. आकडा थोडा लहान झाला, पण आता तो कुणी विचारलं तरी टिकतो.

तेवढ्यानेही भागलं नाही. त्याच सुमारास टीममधल्या डिझायनरने प्रतीक्षेच्या पडद्यावरचा मजकूर बदलला होता. आधी नुसतं ‘प्रतीक्षा करा’ होतं, नंतर ‘रक्कम वजा झाली असेल तर पुन्हा भरू नका, तुमची वेळ दहा मिनिटं राखून ठेवली आहे’ असं झालं. मग १४चे ६ कशामुळे झाले? सुदैवाने सपोर्टची माणसं प्रत्येक फोनवर कारणाची खूण करतात. ‘दोनदा पैसे गेले’ या खुणेचे फोन घटले ते बहुतेक पडद्यावरच्या मजकुरामुळे, आणि ‘निवडलेली वेळ गेली’ या खुणेचे घटले ते वेळ राखून ठेवल्यामुळे. अगदी काटेकोर विभागणी यातूनही होत नाही, कारण शांतपणे थांबलेला ग्राहक दोन्हींचा फायदा घेतो. काही ग्राहकांना जुना पडदा आणि काहींना नवा अशी तुलना केली असती तर खात्री झाली असती, पण ती केली नव्हती. म्हणून ओळीत ‘माझ्यामुळे’ असं येत नाही. ‘या बदलांनंतर’ असं येतं, आणि डिझायनरचा उल्लेख येतो.

क्रियापदांचंही तसंच. प्रॉडक्टच्या जागेसाठी रेझ्युमे लिहिताना ‘ठरवलं’ हा शब्द फार मोहात पाडतो. माझ्या भावाने दहा मिनिटांचा आकडा खरंच ठरवला होता, प्रॉडक्ट मॅनेजरने तो नुसता वाचून होकार दिला. पण ग्राहकाला विचारण्याची पद्धत त्याने सुचवली, हिशेब मांडला, आणि निर्णय प्रॉडक्ट मॅनेजर आणि ऑपरेशन्सच्या प्रमुखांनी मिळून घेतला. तिथे ‘सुचवलं आणि हिशेबाने पटवून दिलं’ हेच शब्द हवेत. त्यात कमीपणा काहीच नाही. प्रॉडक्ट मॅनेजरच्या हाताखाली सहसा कुणी नसतं, पटवून देणं हेच त्याचं हत्यार असतं. आणि जुन्या सहकाऱ्यांना विचारून खात्री करण्याची पद्धत या क्षेत्रात सर्रास आहे. तिथे एका शब्दाचा फरकसुद्धा लक्षात येतो.

अशा सगळ्या खटाटोपानंतर त्या एका ओळीच्या तीन झाल्या. मराठीत सांगायच्या तर साधारण अशा:

‘घरपोच रक्ततपासणीच्या बुकिंगमध्ये यूपीआयचे पैसे अडकलेल्या ग्राहकाची वेळ किती काळ राखायची हे लॉग तपासून ठरवलं. ३० मिनिटांऐवजी १० निवडली, कारण पुढच्या २० मिनिटांत शंभरातले फक्त २ व्यवहार मार्गी लागत होते आणि सकाळच्या वेळा अडून राहत होत्या.’

‘उशिरा पैसे मिळालेल्या ग्राहकाला परस्पर दुसरी वेळ न देता निवड विचारावी, असं ऑपरेशन्सला रिकाम्या फेऱ्यांच्या हिशेबाने पटवून दिलं. दहातल्या चौघांनी पैसे परत घेतले. उरलेल्यांच्या फेऱ्या क्वचितच रिकाम्या गेल्या.’

‘हे बदल आणि डिझायनरने बदललेला प्रतीक्षेचा मजकूर आल्यानंतर अशा तक्रारींचे फोन दर हजार बुकिंगमागे १४ वरून ६ वर आले. त्यामागची पेमेंट सर्व्हिस बांधली आणि चालवली, स्प्रिंग बूट आणि काफ्का.’

तंत्राची नावं शेवटी गेली, पण गेली नाहीत. पैशांच्या व्यवहाराचं प्रॉडक्ट सांभाळण्यासाठी माणूस शोधणाऱ्या कंपनीला, हा उमेदवार वेबहुक म्हणजे काय हे जाणतो, ही गोष्ट हवीच असते. शिवाय बऱ्याच ठिकाणी रेझ्युमे आधी सॉफ्टवेअर वाचतं, आणि त्यात जागेच्या वर्णनातले नेहमीचे शब्द नसले तर तो मागे पडू शकतो. त्याच कारणाने मी त्याला दोन रकान्यांची सजावट सोडून साधी एका रकान्याची मांडणी करायला लावली. रकाने असले की काही सॉफ्टवेअर डावीकडची ओळ उजवीकडच्या ओळीला जोडून वाचतात.

कंपनीबाहेर जाऊ नये अशी माहितीही सांभाळावी लागते. एकूण उत्पन्न, एकूण ऑर्डर, लॅबची नावं, यातलं काहीच रेझ्युमेत असू नये. ‘दर हजारामागे’ किंवा ‘दहातले चार’ असं प्रमाण दिलं की गोष्ट कळते आणि एकूण धंदा किती हे उघड होत नाही. तरीही तो आकडा बाहेर सांगितलेला चालेल का, हे त्याने आपल्या मॅनेजरना विचारून घेतलं, आणि मला ते फार बरं वाटलं.

एका गोष्टीवर आमचं थोडं वाजलं. त्याला पदनाम बदलायचं होतं. ‘सीनिअर सॉफ्टवेअर इंजिनिअर’च्या जागी ‘प्रॉडक्ट इंजिनिअर’. कुणीतरी त्याला सांगितलं होतं की तसं चालतं. मी म्हटलं, अजिबात नको. नोकरी देताना आपल्याकडे पूर्वीच्या कंपनीकडून पदनाम आणि तारखा तपासून घेतात, आणि तिथे फरक निघाला तर हातात आलेली नोकरी जाऊ शकते. पदनाम जे होतं तेच राहू दे. खालच्या ओळी काय सांगायचं ते सांगतात. वर नावाखाली दोन ओळींचा परिचय असतो, बदल सांगायचा तर तिथे सांगावा: पैशांच्या व्यवहारांवर काम केलेला बॅकएंड इंजिनिअर, आता त्याच क्षेत्रात प्रॉडक्टचं काम करू इच्छितो. ‘त्याच क्षेत्रात’ हे महत्त्वाचं. पेमेंटमधून पेमेंटमध्ये जाताना त्याच्या तीन ओळींना वजन आहे. खेळांच्या ॲपसाठी हाच रेझ्युमे पाठवला, तर वाचणाऱ्याला निम्म्याहून जास्त गोष्टी समजावून घ्याव्या लागतील, आणि तेवढा वेळ तो देणार नाही.

तो मला म्हणाला, “ताई, पण मी एकाही ग्राहकाशी कधी बोललेलो नाही. किंमत ठरवण्यात माझा कधीच हात नव्हता.” हे खरं आहे, आणि कुठल्याही शब्दरचनेने ते भरून निघत नाही. लॉगमध्ये ग्राहक काय करतो ते दिसतं, का करतो ते दिसत नाही. बँकेच्या एसएमएसवर विश्वास ठेवून लोक फोन खाली ठेवतात, हे त्याला सपोर्टच्या बाईंनी सांगितलं होतं, लॉगने नव्हे. मी म्हटलं, मग रेझ्युमेत ते नसू दे, पण अर्ज करण्याआधी सपोर्टच्या टेबलाशेजारी बसून फोन ऐकायला माग. बऱ्याच कंपन्यांत इंजिनिअरने असं मागितलं तर कुणी नाही म्हणत नाही. तो बसला. तिथे त्याला कळलं की फोन करणाऱ्यांत बरेच जण ज्यांची तपासणी आहे ते नसतातच. मुंबईत किंवा परदेशात असलेली मुलं पुण्यातल्या आईवडिलांसाठी बुकिंग करतात. एसएमएस मुलीला जातो, वाट आई बघत असते. ‘तुमची वेळ गेली आहे, काय हवं?’ हा निरोप ज्या फोनवर जात होता, तो फोन उपाशी बसलेल्या माणसाच्या हातात नव्हताच. तिकडे रात्र असली तर उत्तर सकाळपर्यंत यायचं नाही.

म्हणजे त्याच्या सगळ्यात चांगल्या सूचनेत एक भोक होतं. ते रेझ्युमेत लिहायचं का, यावर आम्ही बराच वेळ बोललो. शेवटी लिहिलं नाही, कारण अजून त्यावर काही केलेलं नव्हतं, आणि न केलेलं काम रेझ्युमेत बसत नाही. पण मुलाखतीत ‘हे पुन्हा करायचं असतं तर काय बदललं असतं?’ असा प्रश्न हमखास येतो, आणि त्याचं उत्तर आता त्याच्याकडे तयार आहे. बुकिंग करणाऱ्याचा आणि तपासणी असणाऱ्याचा नंबर वेगळा विचारायचा, आणि वेळ गेल्याचा निरोप दोघांना पाठवायचा. बुकिंगच्या फॉर्ममध्ये एक रकाना वाढला की काही लोक मधेच सोडून जातात, त्यामुळे तो सगळ्यांना न दाखवता, बुकिंगचा पत्ता खात्यावरच्या पत्त्यापेक्षा वेगळा असेल तेव्हाच दाखवायचा, असं त्याचं म्हणणं आहे. तसं तिकीट त्याने लिहिलं आहे, आणि या वेळी त्यात ‘विचारात घेतलेले पर्याय’ हा भाग सगळ्यात आधी भरला आहे.